काळ्या जमिनीतला शोषखड्डा : निफाड तालुक्यातल्या एका मळ्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात हे घर आहे. गावापासून लांब, मळ्यात. द्राक्षबाग, थोडा कांदा, घरामागे विहीर. घरात सहा माणसं: आजी, मुलगा-सून, त्यांची दोन मुलं आणि एक पुतण्या. गावातच गटार नाही, तर मळ्यात कुठून असणार? त्यामुळे संडासातून जे काही जाईल ते आपल्याच जमिनीत जिरवावं लागणार, हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं.

स्वच्छ भारत अभियानातून बारा हजार रुपये मिळाले. त्यात घरच्यांनी स्वतःची बरीच भर घालून न्हाणीघर आणि संडास एकाला एक लागून बांधले. चौथरा दोन फूट उंच, आत टाइल्स, गुळगुळीत पांढरं सिरॅमिकचं भांडं. मागे साडेतीन फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा एकावर एक ठेवून पाच फूट खोल एकच खड्डा. न्हाणीचं पाणी आधी आळूच्या वाफ्याला जायचं. नव्या बांधकामात मिस्त्रीने तेही याच खड्ड्याला जोडलं, म्हणजे घरामागे चिखल नको.

फेब्रुवारीत काम झालं आणि मार्चपासून वापर सुरू झाला. जूनपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती.

अडचण

जुलैत चार-पाच दिवस लागून पाऊस झाला. त्यानंतर भांड्यात ओतलेलं पाणी आधी वर चढायचं आणि मग गुडगुडत हळूहळू उतरायचं. पुढे अर्धी बादली ओतली तरी मैला जागचा हलेना. शेवटी न्हाणीच्या मोरीतून उलटं काळं पाणी आलं, तेव्हा सूनबाईंनी संडासाला कुलूप लावलं. आजी पुन्हा बांधाकडे जाऊ लागल्या. दुसरा संडास शेजारच्या मळ्यात होता आणि तिथवर जायचा रस्ता चिखलाचा.

मिस्त्रीचं निदान होतं, "खड्डा लहान पडला, सेप्टिक टँक बांधा." गावातून गाडी बोलावून खड्डा उपसायचा असं घरच्यांच्या मनात होतं. पण पावसात मळ्याच्या रस्त्याने टँकर येणं शक्य नव्हतं. सल्ल्यासाठी आम्हाला बोलावणं आलं ते या टप्प्यावर.

खड्डा का तुंबला

झाकण सरकवून आधी बराच वेळ उघडं ठेवलं. खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही, हे घरातल्या मुलांनाही बजावलं. आतला वायू माणसाला आवाज द्यायलाही वेळ देत नाही. लांब बांबू घालून मापलं, तर पाणी थेट पाइपाच्या तोंडापर्यंत होतं आणि तळाशी गाळ जेमतेम अर्धा फूट. म्हणजे खड्डा मैल्याने भरलेला नव्हता, पाण्याने भरलेला होता. उपसा करूनही दुखणं जाणार नव्हतं, कारण आठवड्याभरात तो पुन्हा पाण्यानेच भरला असता.

एवढं पाणी येतं कुठून, याचा हिशोब घरच्यांसोबत ओट्यावर बसून केला. न्हाणीचं माणशी वीस लिटर धरलं तरी सहा माणसांचं एकशे वीस. संडासाचं मोजायला सूनबाईंनाच विचारलं. "एक बादली ओतल्याशिवाय स्वच्छच होत नाही हो ते," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. त्या भांड्याचा तळ पसरट होता आणि खालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, वास अडवणारा पाण्याचा अडसर पन्नास मिलिमीटरचा. शहरात डोक्यावर फ्लशची टाकी असते, तिच्यासाठी बनलेलं ते भांडं. त्यातून एका वेळी मैला पुढे ढकलायला आठ-दहा लिटर लागतात. सगळं धरून दिवसाला दोनशे लिटरच्या वर पाणी खड्ड्यात पडत होतं.

आता जिरतं किती ते पाहा. रिंगांना बाजूने भोकंच नव्हती. काळ्या चिकणमातीचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला साधारण दहा लिटर पाणी शोषतो, असं खड्ड्याच्या आखणीत धरतात. या रिंगांच्या खड्ड्याचा तळ एक चौरस मीटरही नाही, म्हणजे तळातून दिवसाला नऊ लिटरही जिरत नव्हते. उरलेलं पाणी रिंगांच्या सांध्यांतून निसटेल तेवढंच.

मग चार महिने हा खड्डा चालला कसा? घरच्यांना हेच पटत नव्हतं, आणि या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. उन्हाळ्यात काळी जमीन फुटते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्या भेगा पिऊन टाकतात. पाऊस पडला की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. पुढे जिरतं ते फक्त ओल्या चिकणमातीच्या मंद गतीने. एप्रिल-मेमध्ये बांधलेला आणि तपासलेला प्रत्येक खड्डा काळ्या जमिनीत पास होतो. त्याची खरी परीक्षा जुलैत होते.

खात्रीसाठी जवळच हातभर खोल, चार इंच चौकोनी भोक घेतलं. त्यात पाणी भरून रात्रभर माती मुरू दिली आणि सकाळी पुन्हा भरून पाहिलं. एक इंच पाणी उतरायला तासाच्या वर गेला. रात्रभर मुरवण्याची पायरी गाळली असती, तर आकडा फसवा आला असता.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय मिस्त्रीचा, सेप्टिक टँकचा. तो टाकाऊ नव्हता. पण सेप्टिक टँक पाणी जिरवत नाही, एवढं मात्र घरच्यांना माहीत नव्हतं. टँकमध्ये गाळ तळाशी बसतो, साय वर येते आणि जेवढं पाणी आत गेलं तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. ते पाणी नुसतं दिसायला बरं असतं, त्यात रोगजंतू असतातच. म्हणून त्याला पुढे शोषखड्डा किंवा झिरप-चर लागतो, आणि तो याच काळ्या मातीत करायचा. दोनशे लिटर जिरवायला वीस चौरस मीटर ओली भिंत हवी. म्हणजे प्रश्न तिथेच राहतो, फक्त दहा फूट पुढे सरकतो. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी हा पुढचा भाग बांधतच नाहीत. टँकचा पाइप ओढ्यात किंवा रस्त्याच्या चारीत सोडतात आणि त्याला सेप्टिक टँक म्हणतात.

शिवाय टँकमधला गाळ दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसावा लागतो. तो गाळ ताजा आणि ओला असतो, त्याला हात लावायचा नसतो. माणूस उतरवून टँक साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. या मळ्यात टँकर येऊ शकतो तो फक्त कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात टँक भरला तर करणार काय, याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय मिस्त्रीनेच हळू आवाजात सुचवला. सहा-सात फुटांखाली मुरूम लागतो, तिथपर्यंत खड्डा नेला की पाणी "गडप" होईल. तेही खरं होतं. आजींच्या मुलाला, म्हणजे दादांनाही हा मार्ग आवडला, कारण तो सगळ्यात स्वस्त. पण विहिरीत दोर सोडून पाहिलं, तर पावसाळ्यात पाणी जमिनीपासून साडेआठ फुटांवर आलेलं. मुरमाखाली भेगाळ काळा खडक आहे. अशा भेगांतून जंतू मातीत गाळले न जाता लांबवर जातात. मुरमात गडप झालेलं पाणी घरच्याच विहिरीला मिळालं असतं. पाणी लवकर जिरतंय हे शोषखड्ड्याच्या बाबतीत नेहमीच चांगलं लक्षण नसतं. "मग हंड्यातून तेच प्यायचं का?" असं आजींनी विचारलं आणि हा पर्याय मिटला.

तिसरा पर्याय म्हणजे दोन उथळ शोषखड्डे आणि आलटून पालटून वापर. एक भरला की तो बंद करून पाणी दुसऱ्यात सोडायचं. पहिला किमान वर्षभर, जमल्यास दीड-दोन वर्षं, तसाच ठेवायचा. तेवढ्यात मैल्याचं मातीसारखं खत होतं आणि जंतांची अंडीही मरतात. मात्र इथे एक अट होती, पाणी कमी करण्याची. दोनशे लिटरला दोन खड्डेही पुरणार नव्हते. म्हणून निर्णयाचा क्रम उलटा लावला: आधी भांडं, मग न्हाणीचं पाणी आणि शेवटी खड्डा.

भांड्याचा निर्णय

जुनं भांडं काढून कमी पाण्यात चालणारं ग्रामीण भांडं बसवायचं म्हटल्यावर सूनबाई नाराज झाल्या. टाइल्सच्या नव्या संडासात खेडवळ भांडं कशाला, पाहुणे काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा. मी त्यांना फरक दाखवायला दुकानातून सिरॅमिकचंच ग्रामीण भांडं आणलं आणि ते ट्रॅपसह अंगणात विटांवर ठेवलं. या भांड्याच्या तळाला पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचा तीव्र उतार असतो. ट्रॅपमधला पाण्याचा अडसर फक्त वीस मिलिमीटर असतो. गवंडी त्या ट्रॅपला कोंबडा म्हणतात. आत कणकेचे गोळे टाकले आणि दीड लिटरचं टमरेल एका दमात ओतलं. गोळे पलीकडे निघाले. जुन्या भांड्यात तेच करून पाहिलं, तर ते ट्रॅपमध्येच फिरत राहिले. यानंतर वाद झाला नाही.

ग्रामीण भांड्याला दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. धुण्याचं आणि भांडं ओलं करायचं पाणी मिळवून आखणीत माणशी दिवसाला साडेनऊ लिटर धरतात. सहा जणांचे सत्तावन्न लिटर झाले. दोनशेवरून सत्तावन्नवर आलो ते भांडं बदलून आणि न्हाणीचा पाइप परत आळूच्या वाफ्याला नेऊन. तोवर खड्ड्याची एक वीटही हलवलेली नव्हती.

वीस मिलिमीटरचा अडसर ही या भांड्याची कमजोर बाजूही आहे. ट्रॅप जरा तिरका बसला तरी अडसर निम्मा होतो आणि वास आत येतो. उलट बाजूला कलला तर तो वाढतो आणि पुन्हा बादली लागते. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी ट्रॅपवर पाणसळ ठेवून पाहिली आणि पाणी भरून अडसराची उंची मोजली. घर महिनाभर बंद राहिलं तर हा अडसर सुकतो, तेव्हा आल्याबरोबर तांब्याभर पाणी ओतायचं.

प्रत्यक्ष काम

दिवाळीनंतर जमीन वापशावर आल्यावर काम धरलं. खड्डे संडासाच्या मागच्या, उताराच्या बाजूला घेतले. तिथून विहीर पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटर. जुना खड्डा पंचवीस फुटांवरच होता. खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत दोन मीटरपेक्षा कमी माती असेल, तर विहिरीपासून किमान दहा मीटर अंतर राखतात. इथे पावसाळ्यात मधली माती साडेपाच फुटांची, म्हणजे दोन मीटरच्या आतच. त्यामुळे ते अंतर सांभाळणं भागच होतं.

चौथरा उंच होता याचा इथे उपयोग झाला. भांड्यापासून खड्ड्यापर्यंत बारा फूट अंतर. तीन इंची पाइपाला पंधरास एक उतार दिला, म्हणजे बारा फुटांत साडेनऊ इंच. तरीही पाइप खड्ड्यात जमिनीच्या वरच निघाला. मिस्त्रीला चार इंची पाइप घालायचा होता, "मोठा असला म्हणजे तुंबत नाही." कमी पाण्यात ते उलटं घडतं. मोठ्या पाइपात दोन लिटर पाणी तळाशी पसरून पातळ होतं आणि मैला मागे राहतो. वाटेत एकही कोपरा न घेता पाइप सरळ नेला.

खड्डे एक मीटर आतल्या व्यासाचे, पाइपाखाली एक मीटर खोल, दोन्हींमध्ये एक मीटरच्या वर अंतर. रिंगांऐवजी विटांचं जाळीदार बांधकाम केलं. एकाआड एक थरात विटांमध्ये दोन-दोन इंचांच्या फटी ठेवल्या आणि पाइपाच्या वरचे थर पक्के घेतले. तळ मातीचाच ठेवला.

काळ्या जमिनीसाठीची खरी तजवीज विटांच्या बाहेर होती. खणतानाच खड्डा सगळ्या बाजूंनी फूटभर जास्त रुंद घेतला आणि वीट व माती यांच्यामध्ये वाळू आणि बारीक खडीचा एक फूट जाड थर भरला. फुगणारी माती त्यामुळे विटांवर दाब देत नाही, फटी बुजत नाहीत आणि पाण्याला मातीचा मोठा पृष्ठभाग मिळतो. हा थर धरून बाहेरचा व्यास एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर होतो. एक मीटर खोलीला मातीची भिंत सुमारे पावणेसहा चौरस मीटर मिळते आणि ती सत्तावन्न लिटर शोषते. आमची गरजही तेवढीच. हा थर नसता तर अडतीस लिटरांवरच मामला अडला असता. दादांनी वाळूच्या दोन ब्रास परत पाठवायचा विचार केला होता, तेव्हा त्यांना हेच दोन आकडे दाखवले.

खड्ड्यांच्या तोंडाशी पाइप दोन फाट्यांत विभागणारा चौकोनी चेंबर बांधला. एका फाट्यात वीट बसवून ती मातीने लिंपली. खड्ड्यांची कडा जमिनीपासून फूटभर वर ठेवून भोवती मातीचा उतार दिला, म्हणजे शिवाराचं पावसाचं पाणी आत यायला नको. वायुनळी घातली नाही. अशा खड्ड्यांतला वायू मातीत मुरतो. सेप्टिक टँकला मात्र ती लागतेच.

जुना रिंगांचा खड्डा मार्चमध्ये टँकरने उपसला. टँकरवाला तो गाळ कुठे ओतणार हे त्याला नीट सांगता येईना. तेव्हा विहिरीपासून लांब, आपल्याच पडीक तुकड्यात खोल चर घेतला, तिथे गाळ सोडून वर हातभर माती ओढली. रिकामा खड्डा मुरमाने भरून टाकला.

काय घडलं

पहिल्या पावसाळ्यात दादा आठवड्याला चेंबरजवळच्या झाकणातून काठी घालून पाणी मापत होते. ऑगस्टमध्ये पाणी पाइपाच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर येऊन थांबलं. तिथून ते वर आलं नाही आणि भांड्यातून उलटं काही आलं नाही. उघडीप झाली की पातळी दोन-तीन दिवसांत खाली जायची.

हिशोबाप्रमाणे सहा माणसांना एक खड्डा जवळपास तीन वर्षं पुरायला हवा होता, कारण एका माणसाचा गाळ वर्षाला साधारण पंचेचाळीस लिटर साचतो. प्रत्यक्षात तो दोन वर्षांच्या थोडं पुढे भरला. कारण बागेत होतं. ऑक्टोबर छाटणीला आणि पुढे तोडणीला दहा-बारा मजूर यायचे आणि त्यांना संडास वापरू द्यायला सूनबाई पहिल्यापासून आग्रही होत्या. हे योग्यच होतं, फक्त आमच्या सहाच्या आकड्यात ते आलेलं नव्हतं.

खड्डा बदलायला चेंबर उघडला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. बंद फाट्यातल्या विटेभोवतीची माती धुऊन गेली होती आणि दुसऱ्या खड्ड्याच्या तळाशी फूटभर ओला गाळ साचला होता. दोन्ही खड्डे एकदम वापरात राहिले, तर दोन खड्ड्यांचा अर्थच उरत नाही, कारण विश्रांती कुणालाच मिळत नाही आणि पुढे दोन्हींत ताजा मैला असतो. इथे थोडक्यात निभावलं. पहिला खड्डा बंद करताना त्याच्या फाट्यात वीट बसवून वर पातळ सिमेंटचा गिलावा केला. तो छिन्नीने सहज फुटतो आणि पाण्याने विरघळत नाही.

वेगळं काय करता येईल

मजूर येणाऱ्या मळ्यात खड्ड्याचा आकार घरच्या माणसांवर न ठरवता हंगामाचा भार धरून ठरवावा. खोली वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणं बरं, भूजल वर असेल तर विशेषच. इथे सव्वा मीटर व्यास घेतला असता तर वीट आणि वाळूचा खर्च थोडाच वाढला असता.

फाट्याचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी सिमेंटने करावा आणि कोणता खड्डा कधी सुरू केला ते चेंबरच्या आतल्या बाजूला खरवडून लिहावं. घरातली माणसं बदलतात, मिस्त्री तर बदलतोच.

अॅसिडची बाटली हा आणखी एक मुद्दा राहिला. नवं भांडं चकचकीत ठेवण्यासाठी सुरुवातीला आठवड्यातून दोनदा अॅसिड ओतलं जात होतं. त्याने खड्ड्यातले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ग्रामीण भांडं गुळगुळीत आणि उताराचं असल्याने साबण आणि कुंचा पुरतो. हे भांडं बसवतानाच सांगायला हवं, नंतर सवय मोडायला वेळ लागतो.

याच गावात एका वसतिगृहाला आम्ही सेप्टिक टँकच सुचवला. तिथे चाळीस मुलं आहेत, डांबरी रस्ता फाटकापर्यंत येतो आणि मागे पाऊण एकर मोकळी जागा आहे, म्हणजे झिरप-चरांना हवा तेवढा पृष्ठभाग मिळतो. पण तिथेही भांडी ग्रामीणच बसवली.

मळ्यातला पहिला खड्डा सध्या बंद आहे. दादांना तो वर्षभराने उघडायचा आहे, आमचं म्हणणं पुढच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे दीड वर्ष थांबावं. मधला पावसाळा ओला गेला तर आतला माल सुकायला वेळ लागेल. उघडल्यावर वरचा थर फावड्याने उलटून पाहायचा. तो कोरडा आणि भुसभुशीत असेल आणि त्याला ओल्या मातीसारखा वास असेल, तरच खड्डा रिकामा करायचा. हाताला चिकटला किंवा घाण आली, तर झाकण परत बसवायचं आणि उन्हाळा जाऊ द्यायचा. दुसऱ्या खड्ड्यात तोवर जागा आहे.